अर्ध्या ताटावरून उठताना

साखर होऊन बरीच वर्षं झाली की पायांची आग सुरू होते, असं डॉक्टर म्हणाले. माझी सुरू झाली होती. दिवसा कामात कळत नसे, पण पाठ टेकली की तळव्यांना कोणी चुलीतले निखारे लावतंय असं होई. मी पाय ओल्या फडक्यात गुंडाळून बसत असे. गुहागरच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी फरक पडेना, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे जायला एस्टी बदलावी लागते. सकाळच्या गाडीने गेलं की संध्याकाळी घर दिसतं.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पाय बघितले, सुई टोचून विचारलं कळतं का, आणि म्हणाले, "पायांच्या आगीवर एक नवी गोळी आहे. ती किती उपयोगाची आहे ते आम्ही तपासतोय. तुम्हाला त्यात भाग घ्यायचा असेल तर बाहेर एक बाई बसतात, त्या सगळं समजावतील. नको असेल तर नको म्हणा, तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील."

मी मान डोलावली. मी नेहमी मानच डोलावते. शाळेत चौथीपर्यंत होते तेव्हापासूनची सवय. मास्तरांनी "कळलं का" विचारलं की कळो न कळो, मान हलायची.

ती बाई लहान वयाची होती, माझ्या सुनेएवढी. बोलणं घाटावरचं, कोल्हापूरकडचं असावं, मोठ्याने आणि ठासून. तिने मला छोट्या खोलीत नेलं, दार लावलं, पंखा माझ्याकडे वळवला.

"मावशी, पाणी पिणार काय? बसा निवांत. काही घाई नाही बघा."

तिच्यापुढे कागदांचा गठ्ठा होता, पुस्तकासारखा टाचलेला. वर मराठीत लिहिलं होतं, संमतीपत्र. ती एकेक पान उलटत सांगू लागली. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. खरं सांगायचं तर माझं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं. कोणी माझ्यासमोर बसून, माझ्याकडे बघून, इतका वेळ बोललं त्याला किती काळ लोटला होता ते आठवेना. आमचे हे जहाजावर होते तेव्हा वर्षातून कधीतरी येत आणि येतील तेव्हा गप्पच असत. ते गेल्यावर मुलगा, सून, नातवंडं मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला घर भरतं. बाकी माझ्या घरात बोलतो तो रेडिओ.

तिने शेवटचं पान उलटलं. "कळलं का मावशी?"

माझी मान हलली.

ती हसली. "मान हलवून नाही चालायचं. आता मी तुमची शेजारीण. मी तुम्हाला विचारते, अगं, कसला कागद आणलास? तुम्ही मला सांगा."

मी पदर तोंडाला लावला. पंखा घरघरत होता. माझं काही चुकलं म्हणून ती आता उठवून लावेल असं वाटलं. पण तिने कागद माझ्या पिशवीत घातले.

"घरी न्या. वाचा. घरच्यांना दाखवा. मग या. नाही आलात तरी चालतं."

मी वाचायला लागले ते पडवीत बसून, उजेड होता तोवर. मला वाचता येतं, पण बोट ठेवून. दुसऱ्या पानावर 'यादृच्छिक' असा शब्द होता. तो मी पाच-सहा वेळा तोंडाने म्हणून बघितला. पुढे 'प्रतिकूल परिणाम'. मग 'स्वेच्छेने'. एक ओळ वाचावी तर मागची निसटे. शेवटी सगळ्या ओळी सारख्या दिसू लागल्या, भात लावलेल्या खाचरासारख्या.

रविवारी मुलाचा फोन आला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "वाचून दाखव ना जरा." मी वाचू लागले. पलीकडे गाड्यांचा आवाज, कोणीतरी त्याला हाक मारत होतं. "ऐकतोय आई, वाच." मी पान संपवलं आणि विचारलं, "काय करू?" तो म्हणाला, "फुकट तपासण्या होतील ना? मग तुला बरं वाटतंय तर कर. जपून हो." मग त्याचा फोन कट झाला. त्याने वाईट सांगितलं नाही. पण मी वाचलं ते त्याने ऐकलं नव्हतं एवढं मला कळलं.

शेजारी चुलत जाऊ राहते. तिने गठ्ठा उलटासुलटा करून बघितला. तिला वाचता येत नाही.

"अगो बाय, हे उंदरावर करतात ते आता तुझ्यावर करणार. उंदीर तरी पळतो. तू कुठे पळणारस, पाय हे असले!"

"उंदरावर आधीच करून झालंय. त्या बाईने सांगितलं तसं."

"मग उंदराचं काय झालं ते विचारलंस?"

ते मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

पुन्हा गेले तेव्हा त्या बाईने गठ्ठा बाजूला ठेवला. म्हणाली, "हे तुम्हाला वाचायचं आहेच, ते सुटत नाही. पण आधी मी थोडक्यात सांगते. थोडक्यातला एक कागद मी लिहायलाही घेतलाय, पण रुग्णालयाची एक समिती असते, तिने वाचून पास केल्याशिवाय तो कोणाला देता येत नाही. म्हणून आज तोंडी. मी एक तुकडा सांगणार, तुम्ही तो मला परत सांगायचा, मग पुढे."

पहिला तुकडा असा होता. गोळ्या दोन तऱ्हेच्या, दिसायला अगदी सारख्या. एकीत औषध आहे, एकीत नाही. कोणाला कुठली द्यायची ते कॉम्प्युटर ठरवतो. मला कुठली मिळाली ते मला कळणार नाही, तिला नाही आणि डॉक्टरांनाही नाही. साखरेची माझी नेहमीची औषधं मात्र चालू ठेवायची.

"सांगा आता."

मी खाली बघून म्हटलं, "देवळात कौल लावतात तसं."

"म्हणजे कसं?"

"कौल लावला, पण गुरवाचेसुद्धा डोळे बांधले."

ती इतकी हसली की बाहेरच्या शिपायाने दार उघडून बघितलं. माझ्या बोलण्याला कोणी हसावं, आणि ते असं चांगलं हसावं, हे मला नवीन होतं. मला थोडा धीर आला.

"म्हणजे तुमच्या वाट्याला नुसती रिकामी गोळी येईल आणि पाय तसेच जळत राहतील, असं होऊ शकतं. ते चालेल?"

"मग कशाला घ्यायची?"

"चांगला प्रश्न आहे. तुम्हाला फायदा होईलच असं मी म्हणूच शकत नाही. पुढे दुसऱ्या कोणाला होईल म्हणून करायचं. आग अगदीच सोसेना तर घ्यायला एक साधी गोळी जवळ देणार. ती कधी घेतली ते लिहायचं."

मग माझी कामं सांगितली. सकाळ-संध्याकाळ गोळी. आग किती, ते रोज वहीत आकड्यात लिहायचं. ठरल्या दिवशी येऊन रक्त द्यायचं, एस्टीचं भाडं ते देतील. उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं परत आणायची. त्याशिवाय दुसरं कुठलं औषध घेतलं तर सांगायचं.

"सांगा परत."

मी सगळं बरोबर सांगितलं. ती खूश झाली, मग सहज विचारलं, "सकाळी उठल्यावर काय काय घेता पोटात? चहा, अजून?"

"चहा. त्याआधी काडेचिराईत."

"ते काय?"

"कडू काडी असते. पाण्यात भिजवून पाणी प्यायचं. साखरेला बरं."

"मग आत्ता तर म्हणालात दुसरं औषध घेत नाही!"

"ते कुठे औषध आहे?" मी म्हटलं. "ते जावेच्या परड्यातलं आहे."

तिने कपाळाला हात लावला, पण रागाने नाही. डॉक्टरांना विचारून आली आणि म्हणाली, गोळ्या चालू असेपर्यंत कडू पाणी बंद. आणि आपल्या त्या लिहायला घेतलेल्या कागदावर काहीतरी खरडलं.

त्रासाचा तुकडा ती सावकाश बोलली. उंदरांचं काय झालं ते मी विचारलं तेव्हा तिने तेही सांगितलं. मोठा डोस दिलेल्या काहींच्या यकृताला सूज आली होती, म्हणून तर दर वेळी रक्त तपासायचं. माणसांत काहींना झोप येते, काहींच्या पावलांना सूज, काहींना मळमळ. बऱ्याच जणांना चक्कर. शिवाय अजून कोणालाच माहीत नाही असाही त्रास निघू शकतो. या गोळीमुळे काही झालं तर उपचार फुकट होतील, आणि भरपाई मिळेल. अगदी जीव गेला तर ती घरच्यांना मिळेल, त्यासाठी कोणाचं तरी नाव लिहून द्यावं लागतं.

"घरी कोण कोण असतं मावशी?"

"मुलगा, सून, दोन नातवंडं."

"मग बरं आहे. चक्कर आली तर धरायला माणसं आहेत. कोणीतरी लगेच मला फोन करा म्हणावं."

मी खोटं बोलले नाही. आमच्याकडे घरात माणसं किती म्हणून विचारलं तर मुंबईची धरूनच सांगतात. रेशनकार्डावर तीच नावं, घरपट्टीवर मुलाचं नाव, देवळात वर्गणी काढतात ती माणशी, तीही मुंबईकरांना धरून. वाडीतल्या कुठल्याही बाईला विचारा, रिकाम्या घरात उभी राहून ती सात माणसं मोजून दाखवील. ती बाई घाटावरची. तिच्याकडे घरी म्हणजे घरी. 'धरायला माणसं' म्हणाली तेव्हा मला कुठेतरी खटकलं, पण शिकलेल्या माणसांच्या बोलण्यात मध्ये पडायची मला सवय नाही, आणि तोवर ती पुढच्या तुकड्यावर गेली होती.

तो शेवटचा तुकडा. "मधेच सोडावंसं वाटलं तर?"

मी म्हटलं, "सोडायचं नाही."

"का?"

"तुमचं नुकसान होईल. तुम्ही एवढं समजावलंत, रक्ताचा खर्च केलात. आणि डॉक्टर नंतर बघतील का?"

तिने पेन खाली ठेवलं. "हे कुठे सांगितलं मी? मी तर उलटं सांगितलं. आता तुम्हीच मला सांगा, तुम्हाला असं का वाटतं?"

मी म्हटलं, "अर्ध्या ताटावरून उठू नये. वाढणारीचा अपमान होतो."

ती माझ्या जवळ खुर्ची ओढून म्हणाली, "मावशी, हे असं ताट आहे ज्यावरून कधीपण उठायचं. पहिल्या घासाला, शेवटच्या घासाला. का उठलात ते सांगायचं नसेल तर सांगू नका. वाढणारीला राग येत नाही. तुमचा नेहमीचा डॉक्टर, नेहमीची औषधं, सगळं होतं तसं. सांगा परत."

"अर्ध्या ताटावरून उठलं तरी चालतं."

"अजून एकदा."

मी पुन्हा म्हटलं. माझ्या तोंडाला ते वाक्य परक्याच्या घरच्या पाण्यासारखं लागलं.

सही करताना समोर कॅमेरा लावला होता, कायद्यात तसं आहे म्हणाली. मी कधी लग्नाच्या व्हिडिओतही उभी राहिलेली नाही. पदर सारखा करून, टेबलाच्या कडेकडे बघत मी सगळं सांगितलं. शिक्षणाच्या पुढे चौथी लिहिलं. नाव लावायचं त्या जागी मुलाचं नाव. डॉक्टरांनी सही केली, त्यातली एक प्रत मला दिली. तिच्यावर पहिल्या पानाला कोणत्याही वेळी चालणारा फोन नंबर होता. घरी आल्यावर ती प्रत मी ट्रंकेत सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली ठेवली. महत्त्वाचे कागद आम्ही तिथेच ठेवतो.

त्यानंतर दर बुधवारी दुपारी तिचा फोन येऊ लागला.

"पाय कसे आहेत मावशी? झोप लागली? सूज? चक्कर? जेवलात काय?"

जेवणाचं तिच्या यादीत नसावं, ते ती आपलं विचारत असे. बुधवारी मी सकाळीच सगळं उरकायचे. फोन कोनाड्यात, आवाज मोठा करून. पडवी झाडून बसायचे, जशी कोणी येणार आहे. तिला सांगायला म्हणून आठवडाभर गोष्टी लक्षात ठेवायचे. माडावर खार चढली ती, जावेचा बोका माझ्याकडे राहायला आला तो. तिला घाई असे, तरी एखादी गोष्ट ती ऐकून घेई आणि तसंच हसे. पायांची आगही हळूहळू उतरत चालली होती. औषधाची गोळी मिळाली की रिकामी, देव जाणे. वहीतला आकडा खाली येत होता.

चक्करही येत होती. तिने विचारलं की मी म्हणायचे, "थोडी थोडी." थोडीच होती. उठताना दाराची चौकट धरली की जायची. ती ते लिहून घ्यायची, रुग्णालयात गेले की डॉक्टर बसवून आणि उभं करून दाब बघायचे, आणि ती म्हणायची, "एकटं उठू नका, सुनेला हाक मारा." मी हं म्हणायचे. सुनेला हाक मारायची तर ती मुंबईपर्यंत पोचायला हवी, असं मनात येई. ते बोलले असते तर ती हसलीही असती. पण बोलले नाही.

मे महिन्यात जाऊ माहेरी गेली होती. मी अंगणात आमसुलं वाळत घातली होती. रातांब्याची सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात पसरावी लागतात, वाकून वाकून. त्या दिवशी बुधवारच होता. मी लवकर आटपावं म्हणून घाई करत होते. शेवटची सालं पसरली आणि उठले, तर अंगण माझ्या भोवती फिरलं. धरायला काही नव्हतं. जोत्याच्या चिऱ्यावर डोकं आपटलं आणि मी पडले.

शुद्ध गेली नाही. पण उठायला गेले की सगळं फिरायचं, म्हणून पडून राहिले. गालाखाली जमीन भाजत होती. डोळ्यांसमोर आमसुलं, लाल काळी, त्यांच्यावर माश्या. कपाळावरून काही ओघळत होतं ते रक्त की रातांब्याचा रस ते कळेना. जावेला हाक मारली, मग आठवलं की ती नाही. पुढे कोणाला मारायची ते सुचेना. मुलाचं नाव तोंडात आलं, ते मी घेतलं नाही. ऐकायला तो थोडाच होता.

तेवढ्यात आत कोनाड्यात फोन वाजला.

मोठ्या आवाजात वाजला, मीच तो मोठा करून ठेवला होता. वाजला, थांबला. पुन्हा वाजला. मला माहीत होतं कोण आहे ते. मी तिथूनच म्हटलं, "आले, आले," जशी ती दारात उभी आहे. मग तो थांबला. त्यानंतर अंगणात जे शांत झालं तसं शांत मी या घरात कधी ऐकलं नव्हतं, आणि मी तर शांततेलाच सरावलेली.

सावली माझ्यावर आली तेव्हा मी रांगत पडवीत गेले. हळद दाबून बसले. फोन पुन्हा वाजला तो ऊन उतरल्यावर.

"मावशी! कुठे होतात? किती वेळा लावला. घरच्यांनी तरी कोणी उचलायचा!"

"मी पडले."

तिचा आवाज एकदम खाली आला. किती लागलं, रक्त थांबलं का, उलटी झाली का, नीट दिसतं का, एकेक विचारलं. मग म्हणाली, "मुलाकडे द्या फोन."

"तो मुंबईला."

"कधी गेला?"

"तो तिकडेच असतो."

"मग सूनबाईंकडे द्या."

"तीही तिकडेच. मुलंही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"मावशी," ती म्हणाली, "रात्री घरात तुमच्यासोबत कोण असतं?"

"बोका येतो जावेचा," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिने लगेच डॉक्टरांशी बोलून परत फोन केला. त्या रात्रीची गोळी घ्यायची नाही, कोणालातरी सोबतीला बोलवायचं आणि सकाळी गाडी करून यायचं, गाडीचं ते बघतील. रात्रीत उलटी झाली किंवा डोकं जास्त दुखू लागलं तर थांबायचं नाही. मी वाडीतल्या एका वहिनींना बोलावलं. "आधी का नाही सांगितलंस गो? आम्ही काय मेलो होतो?" असं त्या रात्रभर म्हणत होत्या आणि मध्येच घोरत होत्या. कोणी घोरत असलं की घर कसं भरलेलं वाटतं, ते मी विसरले होते.

सकाळी डॉक्टरांनी डोकं बघितलं, टाके घातले, डोक्याचा फोटो काढला, रक्त घेतलं. सगळं ठीक होतं, पैसे लागले नाहीत. मग ते स्वतः खुर्ची घेऊन बसले. म्हणाले, "चक्कर गोळीमुळे असू शकते. दोन वाटा आहेत. गोळी कमी करून पुढे चालू ठेवता येईल, पण मग घरात सतत कोणीतरी हवं. नाहीतर थांबवू. तुम्हाला थांबायचं असेल तर माझ्या परवानगीची गरज नाही. घाई करू नका, विचार करा." आणि ते गेले.

ती बाई तिथेच बसली होती. डोळे लाल दिसत होते तिचे.

"कागदावर चक्कर म्हणून एवढासा शब्द आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला तो एवढासाच सांगितला. एकट्या माणसाला तो केवढा असतो, ते माझ्या ध्यानातच आलं नाही."

"माझ्याही नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

मी विचार करत होते, पण गोळीचा नाही. पायांची आग परत येईल हे दिसत होतं, ते सोसता आलं असतं. मुलाला ये म्हणता आलं नसतं, त्याची नोकरी आहे. वहिनी किती रात्री घोरायला येणार? हे सगळं सरळ होतं. अडत होतं ते एका ठिकाणी, आणि ते मला तिला विचारता येत नव्हतं. मी चादरीचा धागा ओढत राहिले. शेवटी तिनेच, कळल्यासारखं, सांगितलं.

"तुम्ही थांबलात तर काही आठवडे मी फोन करून विचारीन, गोळीचा त्रास मागे राहिला नाही ना म्हणून. ते तुम्हाला हवं असेल तरच. त्यानंतर मात्र माझा फोन येणार नाही, मावशी. मला दुसरे पेशंट असतात. खोटं सांगत नाही."

तिचं मला हेच आवडत असे. ती मोठ्याने बोले, पण गोड करून काही वाढत नसे.

"मग मी उठते," मी म्हटलं.

तिला आधी वाटलं मी खाटेवरून उठतेय. तिने हात पुढे केला. मग तिला समजलं. तो हात तिने तसाच माझ्या हातावर ठेवला.

"बरोबर उठलात," ती म्हणाली. "कारण लिहू का? नको असेल तर नाही लिहीत."

"लिहा," मी म्हटलं. "रात्री घरात कोणी नसतं."

तिने लिहिलं. आतापर्यंत घेतलेल्या रक्ताचे आणि वहीतले आकडे त्यांच्याकडे राहतील, पण नाव बाहेर जाणार नाही, हे तिने पुन्हा सांगितलं. उरलेल्या गोळ्या मी पिशवीतून काढून दिल्या. साखरेची औषधं होती तीच राहिली, पायांसाठी जुनीच गोळी पुन्हा लिहून दिली. नेहमीच्या डॉक्टरांनी पुढची तारीख दिली. कोणी रागावलं नाही.

पुढचे काही बुधवार तिचा फोन आला. शेवटच्या बुधवारी तिने सांगितलं, हा शेवटचा हं मावशी. मी तिला सांगायला ठेवलेली गोष्ट सांगितली नाही, नुसतं "बरं" म्हटलं. पाऊस इतका होता की नीट ऐकूही येत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी त्याचा आवाज कमी केला. मग मुलाचा आला तर कळणार नाही म्हणून पुन्हा वाढवला.

दसरा झाल्यावर मी पायांसाठी त्याच रुग्णालयात गेले. आग परत आली आहे, पण ती जुनी ओळखीची आहे. बाकावर बसले होते. ती छोटी खोली समोरच होती. पंखा बंद पडला असावा, दार फटीएवढं उघडं होतं. थोडं आधी तिथे एक बाई आत गेली होती, माझ्याच वयाची, आमच्याच बाजूची, लुगड्याच्या नेसण्यावरून कळतं. आतून तो मोठा, ठासून बोलणारा आवाज ऐकू आला.

"आता हा कागद बघा. एकच पान आहे. पहिला प्रश्न मी विचारते. मुंबईची माणसं सोडून सांगा. रात्री घरात तुमच्यासोबत कोण असतं?"

मी तो कागद बघितलेला नाही. त्यात ताटाचं वाक्य आहे की नाही मला माहीत नाही. समितीने काढलंही असेल. हा प्रश्न तेवढा ठेवला.

आतून बराच वेळ उत्तर आलं नाही. पंखा नसल्यामुळे ते न आलेलं उत्तरही स्वच्छ ऐकू येत होतं. मी पिशवी मांडीवर धरून बसले होते आणि माझे ओठ हलत होते.

मग ती बाई हळू बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. कोल्हापूरच्या आवाजाने म्हटलं, "बरं झालं सांगितलंत. मग आपण वेगळा विचार करू."

ती लुगड्यातली बाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता, नुसती पिशवी होती. माझ्या बाकावर दुसऱ्या टोकाला बसली आणि पदराने तोंड पुसलं. मला तिला विचारायचं होतं, तुम्ही कुठल्या. मनात शब्द जुळवलेही होते. तेवढ्यात माझा नंबर पुकारला. डॉक्टरांकडून बाहेर आले तर बाक रिकामा होता.

गाडीत मी दोन्ही बाजूंच्या बायकांची तोंडं बघत होते. बाकावरची ती बाई त्या गाडीला नव्हती. बहुतेक आमच्याच बाजूच्या वेळणेश्वरच्या गाडीने गेली असेल.